‘१९५८ची, संपूर्ण ओरिजिनल’ ओमेगा

जुनं ओमेगा सीमास्टर घड्याळ घ्यायचं होतं. एक ऑटोमॅटिक आवडली. विकणाऱ्याने सांगितलं, ‘१९५८ची, सगळं ओरिजिनल, सर्व्हिसिंग झालेलं’. भावही त्याच तोऱ्यात. मी पैशाचं न बोलता तीन फोटो मागवले: डायल अगदी जवळून, मशीन आणि मागचं झाकण आतून. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या घड्याळाचा खरा जन्मदाखला आतच असतो.

मशीनवरचा नंबर १ कोटी ६० लाखांच्या घरातला, म्हणजे साधारण १९५८. इथवर ठीक. पण झाकणाच्या आतला मॉडेल नंबर १६६ने सुरू होत होता. ओमेगाची ही तीन आकड्यांनी सुरू होणारी पद्धत साठच्या दशकातली, आणि त्यात १६६ म्हणजे तारीख दाखवणारं ऑटोमॅटिक. बिनतारखेच्या ऑटोमॅटिकला १६५ येतो. या डायलवर तारखेची खिडकीच नव्हती! म्हणजे झाकण तरी दुसऱ्या घड्याळाचं होतं, नाहीतर अख्खी केसच.

मग डायल. खाली ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’. ही खूण ट्रिशियमची, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या किरणोत्सारी रंगाची, तीही साठच्या दशकात आली. १९५८च्या डायलवर तिचं काय काम? ट्रिशियमचा जोर दर बारा वर्षांनी निम्म्यावर येतो, त्यामुळे इतक्या जुन्या डायलवर त्याचा उजेड जवळपास संपलेला असतो. प्रत्यक्ष बघायला गेलो तेव्हा टॉर्च मारून दिवा बंद केला. डायलवरचे ठिपके आणि काटे दोन्ही हिरवेगार, बराच वेळ. रंग नवा भरलेला. दहापट भिंगातून बाकीचंही दिसलं: मिनिटांच्या रेघा वर बसवलेल्या धातूच्या खुणांच्या मध्यावर येत नव्हत्या, आणि अक्षरांच्या कडा शाई फुटल्यासारख्या जाड. री-डायल, म्हणजे मूळ डायल खरवडून पुन्हा छापलेली, यात शंका उरली नाही. ‘डायल किती स्वच्छ राहिलीय बघा’ असं तो सांगत होता, ते याच डायलबद्दल.

सर्व्हिसिंगची पावती नव्हती. ‘आमच्या घड्याळजीने केलंय’ एवढंच. पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवायला लावलं. अँप्लिट्यूड, म्हणजे आतल्या बॅलन्स चाकाचा झोका, २०० अंशांच्या खाली. चांगल्या स्थितीतल्या मशीनला २५०च्या वर अपेक्षित असतो. दिवसाला काही सेकंदांचाच फरक दाखवत होतं, आणि विकणारे बहुतेक तेवढंच दाखवतात. पण तेल वाळलं असलं तरी वेळ काही काळ बरोबर राहू शकते, झीज मात्र चालूच असते.

मी जोडून केलेल्या घड्याळाचा भाव धरला, त्यातून पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च वजा केला आणि आकडा सांगितला. तो थोडा खाली आला, पण ‘ओरिजिनल’ सोडायला तयार नव्हता. सर्व्हिसिंग करून घेता आलं असतं, १६५चं झाकणही कधीतरी मिळालं असतं. खरवडलेली मूळ डायल मात्र परत येत नाही, म्हणून नाही घेतलं.