साठ पोरं आणि एक शिट्टी

आमच्या आठवीचा खेळाचा तास शेवटचा असायचा. त्याच वेळी मैदानाच्या एका अंगाला स्काउटची कवायत चाले, दुसऱ्या अंगाला नववीचं क्रिकेट. मधे उरेल ती जागा आमची. त्या जूनमध्ये पी.टी.चे नवे सर आले, नुकतेच बी.पी.एड. झालेले. पहिल्याच तासाला त्यांनी फक्की मारून खो-खोचं पूर्ण मैदान आखलं होतं. आखणी सुरेख होती, पण पट वर्गाचा होता 60 चा.

आठ जण पाटीवर बसले, नववा पाठलागाला, तिघे पळायला. उरलेले 48 कडेला उभे. कडेची पोरं बघता बघता फक्कीवर आली, मग आत. पळणारा एक जण हुल देऊन जो सुटला तो थेट स्काउटच्या रांगेत घुसला. त्यात मैदानावर शिट्ट्या तीन. आमच्या सरांची वाजली की क्रिकेटवाले थांबत आणि आम्ही पळत राहू. ‘खो’ही ऐकू येईना, त्यामुळे एका खोला दोघं-दोघं उठू लागली.

सर मधोमध गप्प उभे राहिले. ओरडले असते तर आम्हाला सवय होती. गप्प उभ्या माणसाचं काय करायचं ते कळेना. मग त्यांनी शिट्टी खिशात टाकली, हात वर केला आणि खाली बसले. जवळची पोरं बसली, त्यांना बघून मागची.

त्यानंतर त्यांनी आखलेलं मैदान सोडूनच दिलं. बारा-बारा जणांचे पाच गट केले. प्रत्येक गटात सहा जण एकाआड एक उलट्या तोंडाने बसायचे, एक पाठलागाला, दोघे पळायला, दोघे टोकांना खांब म्हणून उभे आणि एक पंच. कडेला उभं राहायला कुणी शिल्लकच नाही! (खांब होणाऱ्यांची तक्रार होती, पण डाव संपला की खांबाने पळायचं, असं ठरलं.) पाचही पाट्या एकमेकींना समांतर, आणि दोन गटांच्या मधे आमच्याच चपलांची रांग. चपलांपलीकडे दोन्ही पाय पडले की पळणारा बाद. मैदानाबाहेर गेलेला बाद, हा खो-खोचाच नियम. सरांनी फक्कीच्या जागी चपला ठेवल्या एवढंच. आवाजाचाही तोडगा निघाला: पाठीला हात लागल्याशिवाय उठायचं नाही, नुसतं ‘खो’ ऐकून तर नाहीच.

जागा अपुरीच होती. दोन गट गुलमोहराच्या मुळांवर खेळत होते, तिथे सूर मारायला सरांनी सक्त मनाई केली. तरी घंटेपर्यंत प्रत्येक जण पळून झाला होता, मीसुद्धा, ज्याला एरवी संघ निवडताना शेवटी घेत. त्या दिवशी मी पंचही होतो. आमच्या मॉनिटरला बाद दिलं आणि त्याने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.