घर सोडताना डायरेक्ट डेबिट आधी बंद करू नका

उन्हाळा संपत आला की इंग्लंडमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो. "३१ ऑगस्टला घर सोडतोय. लाइट-गॅसचं डायरेक्ट डेबिट बँकेच्या ॲपमधून बंद केलं. आता झालं ना?" खाली दहा जण "झालं" म्हणून अंगठा दाखवतात. खरं तर काहीच झालेलं नसतं, उलट काम वाढून बसलेलं असतं.

हा गैरसमज होण्यात आपल्या माणसांची चूक नाही. पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याच्या फ्लॅटचं बिल बहुतेक वेळा घरमालकाच्याच नावावर येतं. भाडेकरू ग्राहक क्रमांक टाकून फोनवरून पैसे भरतो, आणि निघताना शेवटचं रीडिंग मालकाला दाखवून डिपॉझिटमधून हिशेब मिटवतो. थकबाकी राहिली तर ती त्या जोडणीच्या मागे लागते, म्हणून मालक स्वतःच लक्ष ठेवून असतो. बंद करण्यासारखं खातं आपल्याजवळ कधी नव्हतंच, मग ती सवय कुठून येणार?

इंग्लंडमध्ये नेमकं उलटं आहे. बिलाची जबाबदारी तुमच्याकडे असेल तर खातं तुमच्या नावाचं असतं आणि थकबाकी घराच्या नाही, तुमच्या मागे येते. नव्या भाडेकरूला त्याची झळ लागत नाही, म्हणून तुमचं खातं बंद झालं की नाही हे विचारायला कुणी येत नाही. डायरेक्ट डेबिट म्हणजे फक्त पैसे ओढायची परवानगी. ती काढून घेतली तरी करार चालूच राहतो. मीटर फिरतो, वापर नसला तरी लागणारा रोजचा स्टँडिंग चार्ज चढतो, बिलं रिकाम्या घराच्या पत्त्यावर पडत राहतात. काही महिन्यांनी प्रकरण वसुलीवाल्यांकडे जातं, आणि क्रेडिट फाइलवर एकदा डिफॉल्ट नोंदला गेला की तो सहा वर्षं दिसतो. पुढचं घर भाड्याने घेताना लेटिंग एजंट क्रेडिट तपासणी करतो, तेव्हा हे आड येऊ शकतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कंपनीला कळवायचं, मग शेवटच्या दिवशी रीडिंग द्यायचं, मग फायनल बिल येऊन मिटू द्यायचं, आणि सगळ्यात शेवटी डायरेक्ट डेबिट काढायचं. वीज-गॅस कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावं, आठवडाभर आधी कळवलेलं बरं. नवा पत्ता, ईमेल आणि घरमालकाचं किंवा एजंटचं नाव द्यायचं, म्हणजे तुमच्यानंतरचं बिल कुणाच्या नावावर टाकायचं हे कंपनीला कळतं. तारीख मात्र करार संपण्याची द्यायची. सामान २० तारखेला हलवलं आणि करार ३१ पर्यंत असला, तर मधल्या दिवसांचा स्टँडिंग चार्ज तुमचाच.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते रीडिंगमध्ये. निघायच्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा, आणि फोटोत आकड्यांबरोबर मीटरचा सीरियल नंबरही येऊ द्या. फ्लॅटच्या इमारतीत सगळे मीटर अनेकदा खाली एकाच कपाटात असतात आणि त्यावरच्या चिठ्ठ्या चुकलेल्या असू शकतात. बिलावरचा नंबर आणि मीटरवरचा नंबर जुळवला नाही तर शेजाऱ्याचं रीडिंग आपल्या गळ्यात पडतं. गॅसच्या मीटरवर काळे आकडे तेवढे द्यायचे, दशांशानंतरचे किंवा लाल आकडे सोडून द्यायचे. स्मार्ट मीटर असला तरी फोटो घ्याच, कारण त्याचा कंपनीशी संपर्क तुटलेला असेल तर शेवटचं बिल अंदाजाने निघतं.

या अंदाजाची किंमत किती, ते पाहा. समजा, लेस्टरमधलं घर आहे. वीज आणि गॅस मिळून महिन्याला ११० पौंड जातात. वर्षभर सारखाच हप्ता असतो, म्हणून उन्हाळ्यात कमी वापर होऊन खात्यात पैसे साठतात. ऑगस्टअखेर १९५ पौंड जमा आहेत आणि गेल्या बिलानंतरचा खरा वापर ६२ पौंडांचा आहे. म्हणजे १३३ पौंड परत यायला हवेत. पण भाडेकरूने रीडिंग दिलं नाही. गॅस मीटर ६,२०४ वर होता, कंपनीने अंदाजाने ६,२६० धरला. फरक ५६ घनमीटरचा. एका घनमीटरचे साधारण ११.२ युनिट होतात, म्हणजे सुमारे ६२७ युनिट जास्त. युनिटला ६ पेन्स धरले तरी ३८ पौंड गेले, तेही न जाळलेल्या गॅसचे. फोटो असेल तर ते बिल पुन्हा काढून घेता येतं. नसेल तर वाद घालायला हातात काहीच नाही.

याच उदाहरणात १ सप्टेंबरला नेहमीचे ११० पौंड पुन्हा कापले गेले तर? इथेच लोक घाबरून ॲपमधून परवानगी काढतात. पण ते पैसे खात्यातच जमा होतात, आणि परतावा १३३ ऐवजी २४३ पौंडांचा होतो. फायनल बिल घर सोडल्यापासून सहा आठवड्यांत यायला हवं आणि त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत परतावा मिळायला हवा. डायरेक्ट डेबिट चालू असेल तर तो बहुधा त्याच बँक खात्यात येतो. बंद केलेलं असेल तर चेक निघू शकतो, आणि पत्ता बदललेला नसेल तर तो जुन्या घरी जातो. कंपनीने चुकून जास्त रक्कम ओढली तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली तुमची बँक ती पूर्ण परत करते. ही सोय खरोखर कौतुकाची आहे. आपल्याकडे ऑटोपेचे पैसे जाण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो, तीही चांगलीच शिस्त आहे. पण गेलेले पैसे बँकेकडून असे सरळ परत मिळवणं, हे मात्र इथेच पाहावं.

पाण्याचं खातं वेगळं असतं आणि नेमकं तेच विसरलं जातं. मीटर असेल तर निदान दोन कामाचे दिवस आधी कळवावं. नाहीतर तुम्ही निघून गेल्यावरही काही दिवसांचं पाणी तुमच्या नावावर चढू शकतं. मीटर नसेल तर वर्षाचा आकार आधीच ठरलेला असतो, आणि निघाल्यानंतरच्या दिवसांचे भरलेले पैसे परत मागता येतात. काही भागांत सांडपाण्याची कंपनी वेगळी असते, तिलाही कळवा. स्कॉटलंडमध्ये पाण्याचा आकार काउन्सिल टॅक्सबरोबर येतो, त्यामुळे तिथे काउन्सिलला कळवावं लागतं.

कायमचे भारतात परतणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त सांभाळावी. विमानात बसायच्या आदल्या दिवशी इथलं बँक खातं बंद करू नका. परतावा बंद खात्यावर जाऊन उलटा फिरतो, मग पौंडांचा चेक निघतो, आणि तो नाशिकच्या बँकेत वटवायला कष्ट आणि शुल्क दोन्ही लागतं. खातं तीन महिने चालू ठेवा. फायनल बिलाचा पीडीएफ आणि मीटरचे फोटो ईमेलमध्ये साठवा. आठ आठवड्यांत वीज-गॅस कंपनीने तक्रार सोडवली नाही तर एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे फुकट जाता येतं, तेव्हा तेच कागद लागतात. परतावा हातात पडला आणि शिल्लक शून्य दिसली, की मग ॲपमध्ये जाऊन डायरेक्ट डेबिट काढा, आणि त्यानंतर बँक खातं.