π/4 हाती आला, B चं चिन्ह सापडलं

मागच्या नोंदीत अडकलेलं इंटिग्रल सुटलं! 0 पासून अनंतापर्यंत 1/((x+1)(x²+1)), उत्तर π/4.

तीन दिवस गेले. 0 च्या पुढे छेद कुठेच शून्य होत नाही आणि लांब गेल्यावर फंक्शन 1/x³ सारखं उतरतं, म्हणजे ते कन्व्हर्ज होणार हे आधीच ठरलेलं. तरी माझं उत्तर दर वेळी अनंताकडे पळायचं.

मांडणी अशी होती: A/(x+1) + (Bx+C)/(x²+1). A = 1/2 आणि C = 1/2 बरोबर आले, पण B मी +1/2 लिहिला होता. x = 0 ठेवून ताळा केला तर तोही जुळला, कारण तिथे B ला शून्याने गुणलं जातं. या ताळ्यावर मी उगाच विसंबलो.

काल ठाणे-वाशी लोकलमध्ये, ऐरोली गेल्यावर सुचलं: दोन्ही बाजूंना x ने गुणायचं आणि x खूप मोठा करायचा. मूळ फंक्शनचं शून्य होतं, तुकड्यांचं A + B. म्हणजे A + B = 0 यायलाच हवं. माझं 1 येत होतं! रबाळे यायच्या आत B = −1/2 केला.

आता b पर्यंतचं उत्तर:

½ [ ln( (b+1)/√(b²+1) ) + arctan b ]

इथे तुकड्यांची लिमिट वेगवेगळी घ्यायची नाही. ln(b+1) एकटा अनंताला जातो, ½ ln(b²+1) सुद्धा, आणि अनंतातून अनंत वजा करून काही हाती लागत नाही. आधी एकच लॉग करायचा. मग आतला भागाकार 1 कडे जातो, लॉग शून्य होतो आणि arctan चा π/2 उरतो. घरी येऊन कॅल्क्युलेटरवर b = 10 ला 0.7807 आलं, b = 100 ला 0.7853, π/4 म्हणजे 0.7854. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा, डिग्रीवर भलतेच आकडे येतात. आणि अशा कामाला चौकटीची वहीच घ्या, घातांचे रकाने एकाखाली एक राहतात.

हे लिहितानाच आणखी एक वाट दिसली. x = 1/t ठेवलं की तेच इंटिग्रल t/((t+1)(t²+1)) चं होतं. दोन्ही रूपं मिळवली की (t+1) कटतो आणि उरतं 1/(t²+1), त्याचं π/2. म्हणून एकाचं π/4, पार्शल फ्रॅक्शन न करता! मी अर्धा तास त्या ओळीकडे बघत बसलो होतो.

पुढे x⁴+1 घेणार होतो, पण आधी 1/(x²−1) घेतो. 2 पासून अनंतापर्यंत ½ ln 3 येतं. 0 पासून घेतलं तर ½ ln|(x−1)/(x+1)| दोन्ही टोकांना शून्य देतं, म्हणून उत्तर 0 वाटतं, पण मध्ये x = 1 ला फंक्शन फुटतं आणि इंटिग्रल डायव्हर्ज होतं. इथे A + B = 0 असूनही! म्हणजे माझा नवा ताळा फक्त अनंताकडचं टोक तपासतो, मधली भोकं वेगळी शोधावी लागतील.