तुम्ही विचारलंत म्हणून: पेढ्याच्या कॅप्शनची लिपी

«आमच्या पेढ्याच्या पेजवर कॅप्शन मराठीत टाकू की इंग्रजी अक्षरांत? आणि हॅशटॅगचं काय करू?»

कॅप्शन देवनागरीतच टाका. ते गिऱ्हाईक वाचणार आहे, आणि रोमनमध्ये मराठी वाचताना अडखळायला होतं. साताऱ्यातल्या एका पेढेवाल्यांच्या पोस्टखाली 'mhashicha khava' असं लिहिलेलं होतं. हा खवा की 'खावा'? संदर्भावरून कळतं, पण तेवढ्यात अंगठा पुढच्या पोस्टवर गेलेला असतो. ळ आणि ल, ण आणि न, काना आहे की नाही, हे सगळं रोमनमध्ये वाचणाऱ्याने स्वतः भरून घ्यायचं असतं.

हॅशटॅगची गोष्ट वेगळी. तो शोधणाऱ्यासाठी असतो, आणि तिथे अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. गूगल थोडं सांभाळून घेतं. रोमनमध्ये टाइप केलेलं मराठी बऱ्याचदा ओळखतं, स्पेलिंगची चूकही पोटात घालतं. हॅशटॅग तसं करत नाही. त्यामुळे कुठली लिपी चांगली, असं विचारण्यापेक्षा हा विशिष्ट शब्द कुठल्या लिपीत कमी फाटे फोडतो ते बघा. मी प्रत्येक शब्दाचा असा वेगळा निवाडा करते.

पेढ्याचं घ्या. रोमनमध्ये kandi pedhe, kandi pedha, kandi pede, kandi peda असं कुणीही काहीही टाइप करतं. देवनागरीत कंदी पेढे किंवा कंदी पेढा, फार तर दोनच. म्हणून इथे देवनागरी टॅग आधी. फक्त मधे जागा सोडू नका, नाहीतर टॅग 'कंदी'वरच संपतो आणि पेढे बाहेर राहतात. #कंदीपेढे असं सलग लिहा. रोमनमधली दोन रूपं पुरेत. पुण्या-मुंबईहून येणारी, मराठी कीबोर्ड न वापरणारी माणसं त्यांतलंच एखादं टाइप करतात. कुठली दोन घ्यायची ते तुमच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरींत बघा. गिऱ्हाईक तिथे जे स्पेलिंग लिहितं, साधारण तेच शोधायलाही वापरतं.

आता गावाचं नाव. इथे गणित उलटं होतं. रोमनमध्ये Satara सगळे एकसारखं लिहितात. देवनागरीत मात्र आपण वाक्यात 'सातारा' क्वचित म्हणतो; 'साताऱ्याचे', 'साताऱ्यात' म्हणतो. मराठीत नाम विभक्ती लागली की बदलतं, आणि #साताऱ्याचेपेढे हा #सातारा शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. टॅगमध्ये नाव मूळ रूपातच ठेवायचं, प्रत्यय फक्त वाक्यात.

त्यात आणखी एक अडचण दडलेली आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. 'साताऱ्या'तला अर्धा र कीबोर्डवरून दोन प्रकारे निघतो:

```
ऱ + ्       →  U+0931 U+094D
र + ् + ZWJ →  U+0930 U+094D U+200D
```

ZWJ म्हणजे न दिसणारं जोडअक्षर-चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण यंत्राच्या लेखी वेगळे. कऱ्हाडकरांना हे रोजचंच: #कऱ्हाड दोन फोनवरून लिहिला तर दोन वेगळे टॅग होऊ शकतात, आणि 'कराड' लिहिणारे आणखी तिसरीकडे. तपासायचं कसं? घरातल्या दोन वेगळ्या कीबोर्डच्या फोनवरून तोच टॅग टाइप करून शोधा. खाली वेगवेगळ्या पोस्ट आल्या, तर र फुटलाय. तसा शब्द टॅगमध्ये टाळावा हे उत्तम. कऱ्हाडसाठी म्हणून मी #karad आणि #कराड दोन्ही ठेवते, पण वाक्यात मात्र 'कऱ्हाड'च लिहिते, कारण आमच्याकडे तेच म्हणतात आणि वाचणाऱ्याला ते आपलं वाटतं.

डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवत असाल तर जपून. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेलं असेल तर फोनवर भलतीच अक्षरं उमटतात. ते पुन्हा टाइप करा. आणि फोटोवर छापलेल्या 'कंदी पेढे'वर विसंबू नका. तो शब्द कॅप्शनमध्येही लिहा.

सगळं मिळून त्या पेढेवाल्यांची पोस्ट आता अशी जाते:

```
साताऱ्याचे कंदी पेढे, आज सकाळचे.
म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर भाजून.
#कंदीपेढे #सातारा #satara #kandipedhe #kandipeda
```

पहिल्या ओळीत 'साताऱ्याचे' आहे, कारण मराठी माणूस तसंच बोलतो. शोधणाऱ्यासाठी मूळ रूप खाली टॅगमध्ये आहेच. यूट्यूबवर टाकत असाल तर शीर्षकातच देवनागरीनंतर एक उभी रेघ देऊन Satara Kandi Pedhe लिहा. तिथे शीर्षक वाचायलाही लागतं आणि शोधायलाही. एकाच शब्दात दोन लिप्या मात्र मिसळू नका. 'satara चे' असं लिहिलं की ते वाचायलाही नीट नाही आणि शोधायलाही नाही.