अलर्ट कधी आला, कधी घेतला, कधी मिटला : तीन वेळा मिळवायला लागलेले तीन आठवडे

आम्ही लातूरमध्ये बसून साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे सर्व्हर सांभाळतो. सहा जणांची टीम आहे आणि गळीत हंगामात रात्रपाळी असते. मागच्या हंगामात वरून निरोप आला की अलर्ट घ्यायला आणि दुरुस्त करायला किती वेळ लागतो ते दर सोमवारी कळवा. काम माझ्याकडे आलं. सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रोमेथियस आणि त्याचे अलर्ट पोचवणारा अलर्टमॅनेजर आमच्याकडे आधीपासून चालू होते, म्हणून दोन दिवसांत होईल असं मी सांगून बसलो. तीन आठवडे गेले, आणि त्यातले बहुतेक एका मदत कक्षाच्या दारात गेले. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या प्रत्येक बिघाडाची नोंद मुख्य कार्यालयाच्या मदत कक्षात होते. मी त्यांच्याकडे महिन्याच्या नोंदी मागितल्या. आठ दिवसांनी एक पीडीएफ आली. त्यात प्रत्येक कारखान्यासमोर एकच आकडा होता, सरासरी. सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढून काही हाती लागत नाही, कारण एका कारखान्याचे दोन अलर्ट असतात आणि दुसऱ्याचे चाळीस. मला एकेक नोंद हवी होती. "अहो, तसं द्यायची पद्धत नाही," असं उत्तर आलं. मी पुन्हा अर्ज केला, सरांची सही घेतली, तेव्हा कुठे एक्सेल मिळाली.

ती उघडली तर आमचा दुरुस्तीचा वेळ सात-सात, आठ-आठ तास दिसत होता. सरांनी बघितलं आणि थेट विचारलं, "रात्री पोरं काय करायलेत?" मला ते लागलं, कारण त्यातल्या काही रात्री मी स्वतः जागा होतो.

मग एकच नोंद हातात घेऊन मुळाशी गेलो. एका काट्यावरच्या कॅमेऱ्याचे फोटो साठून डिस्क भरली होती, पावत्या निघेनात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यापर्यंत उभ्या राहिल्या. मदत कक्षाच्या नोंदीत सुरुवात रात्री 2:42 आणि शेवट सकाळी 10:05 होता, म्हणजे 7 तास 23 मिनिटं. पण अलर्टमॅनेजरने वेबहुकवर पाठवलेला निरोप आमच्याकडे साठवलेला होता. त्यात असं होतं:

```
"status": "resolved",
"startsAt": "2024-12-03T21:12:07Z",
"endsAt": "2024-12-03T22:14:07Z"
```

शेवटचं `Z` म्हणजे ही वेळ यूटीसी आहे. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते: 2:42 ते 3:44, म्हणजे 62 मिनिटं. उरलेले सहा तास एकवीस मिनिटं कुणीच काही दुरुस्त करत नव्हतं. सकाळच्या पाळीचा माणूस दहाला येतो, रात्रीच्या सगळ्या नोंदी एकदम बंद करतो, आणि त्याने बटण दाबलं ती वेळ "दुरुस्तीची वेळ" म्हणून छापली जाते. हे पटवायला मला तिकडे चार फोन आणि एक बैठक लागली. "फॉर्ममध्ये एकच रकाना आहे," हेच पुन्हा पुन्हा ऐकलं. शेवटी मी तो रकाना बदलायचा नाद सोडला. आमच्या अहवालात मिटल्याची वेळ अलर्टमॅनेजरची घेतो आणि नोंद बंद झाल्याची वेळ वेगळ्या रकान्यात दाखवतो. तुमच्याकडेही दुरुस्तीच्या वेळा सकाळी दहाच्या आसपास गोळा झालेल्या दिसल्या, तर हेच चाललंय असं समजा.

इथे एक सांगायला हवं. अलर्ट चालू असताना येणाऱ्या निरोपात `endsAt` रिकामा नसतो, तिथे `0001-01-01T00:00:00Z` असतं. माझ्या पहिल्या हिशेबात ते तसंच घुसलं आणि वजाबाकी दोन हजार वर्षं मागे गेली. निरोपातल्या ज्या अलर्टचा `status` `resolved` आहे तेवढेच घ्या. आणि निरोप पोचल्याची वेळ धरू नका, आतली वेळ धरा, कारण अलर्टमॅनेजर अलर्टचे गट करतो आणि मिटल्याचा निरोप त्या गटाच्या ठरलेल्या अंतरानेच निघतो. ते अंतर आपण बदललं नसेल तर पाच मिनिटं असतं.

आता राहिली मधली वेळ, अलर्ट कुणी घेतला त्याची. अलर्टमॅनेजरमध्ये "मी घेतला" असं सांगायची सोयच नाही. अलर्ट गप्प करता येतो, पण गप्प करणं म्हणजे घेणं नव्हे. आमची पोरं टेलिग्रामच्या गटात लिहायची: कुणी "बघायलो", कुणी "हो", कुणी नुसता अंगठा. पहिल्या महिन्याचं मी ते हाताने शोधून काढलं. त्या डिस्कच्या अलर्टवर "बघायलो" 3:31 ला आलं होतं. म्हणजे 62 पैकी 49 मिनिटं कुणाला पत्ताच नव्हता, आणि हातात घेतल्यावर काम 13 मिनिटांत झालं. सर जे विचारत होते त्याचं उत्तर या 49 मिनिटांत होतं. त्या रात्री गटात किरकोळ अलर्टचा पाऊस पडत होता आणि पोराने फोनचा आवाज बंद केला होता. मी त्याला दोष देत नाही.

पुढे आम्ही ठरवलं की अलर्टच्या निरोपालाच उत्तर देऊन "घेतला" हा एकच शब्द लिहायचा. त्या उत्तराची वेळ बॉट उचलतो.

त्या महिन्यात गंभीर अलर्ट 11 होते. घ्यायला लागलेली मिनिटं अशी: 3, 4, 4, 5, 6, 6, 7, 8, 9, 49, 76. सरासरी 16 येते आणि तेवढीच कळवली तर सगळी टीम सुस्त वाटते. रांगेतला मधला आकडा 6 आहे. म्हणून अहवालात मी मधला आकडा देतो आणि खाली सगळ्यात उशिराचे अलर्ट एकेक करून, कारणासह लिहितो. माणसाचं नाव लिहीत नाही, पाळी आणि तास लिहितो. 49 आणि 76 हे दोन्ही रात्री दोन ते चारमधले निघाले. मग गंभीर अलर्टला निरोपाऐवजी फोन वाजायला लागला, आणि दहा मिनिटांत "घेतला" आलं नाही तर दुसऱ्या माणसाला फोन जातो. किरकोळ अलर्ट वेगळ्या गटात हलवले. पुढच्या महिन्यात सगळ्यात उशिराचा आकडा 14 होता. तो अहवाल पाठवताना मला खरंच अभिमान वाटला.

कुणीच न घेतलेले अलर्ट सरासरीत येतच नाहीत, हे मला उशिरा सुचलं. त्यांना घेतल्याची वेळ नसते, म्हणून ते हिशेबातून गळतात आणि आकडा उगाच चांगला दिसतो. त्यांची संख्या वेगळी द्या. तसंच घेतल्याचा वेळ कमी होतोय पण मिटल्याचा हलत नाही असं दिसलं, तर पोरं अंथरुणातूनच "घेतला" लिहून पुन्हा झोपतायत का ते विचारा. आमच्याकडे दोनदा झालं. सर्व्हरवर पहिल्यांदा लॉगिन कधी झालं ते बघितल्यावर कळलं.

आणि सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते: `startsAt` म्हणजे बिघाड सुरू झाल्याची वेळ नाही. आमच्या नियमात तेव्हा `for: 10m` होतं, म्हणजे डिस्क दहा मिनिटं भरलेली राहिली की मग अलर्ट वाजायचा. काट्यावरचा माणूस "अडीचपासून बंद आहे" म्हणत होता आणि आम्ही 2:42 म्हणत होतो. दोघंही बरोबर होतो. आता डिस्कच्या नियमात दोनच मिनिटं ठेवली आहेत, आणि अहवालाच्या वरच्या ओळीत लिहिलंय की मोजणी अलर्ट वाजल्यापासून आहे.