मोडलंच आहे तर...

उपासाच्या दिवशी चुकून एक बिस्किट तोंडात गेलं की पुढचं वाक्य बहुतेक घरांत ठरलेलं असतं : ‘मोडलाच आहे, तर आता जेवूनच घे.’ बिस्किटाने मोडलेला उपास आणि पुरी-भाजी-श्रीखंडाने मोडलेला उपास यांत देवाच्या लेखी कदाचित काही फरक नसेल, पण पोटाच्या लेखी असतो. खाण्यावर कडक निर्बंध पाळणाऱ्यांचं हे वागणं प्रयोगशाळेतही सापडलं आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली काही मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला बसवलं. एरवी बिनधास्त खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएट सांभाळणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं, कारण दिवस वाया गेलाच होता.

‘मोडलंच आहे तर’ हे वाक्य ऐकायला लाडावलेलं वाटतं. ते बोलायला लावणारा मात्र आपल्या आतला सगळ्यात कडक मास्तर असतो. शंभर किंवा शून्य, एवढेच दोन गुण त्याच्या वहीत असतात. नव्याण्णव पडले की शून्य, आणि शून्य पडल्यावर अभ्यास कशाला करायचा?

मधुमेहात हे फार उघड दिसतं, कारण तिथे प्रत्येक घासाचा आकडा निघतो. समजा, पन्नाशीच्या एक बाई आहेत, बँकेत नोकरीला. एचबीएवनसी, म्हणजे साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ७.८ आहे. नाश्त्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू आहे. चार वाजता एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ झाला आणि त्यात केकचे दोन तुकडे व एक समोसा पोटात गेला. साडेचारला जागेवर येऊन बसेपर्यंत आत सुरू झालेलं असतं : ‘एवढं साधं जमत नाही. नेहमीचंच आहे तुझं. या वयातही जिभेवर ताबा नाही. पाय कापायची वेळ आली की कळेल.’

याच्यामागोमाग दुसरा आवाज येतो, वकिलाचा. ‘समारंभ होता, नाही कसं म्हणणार? त्यांनी हातातच दिला. आणि तुकडे तरी केवढेसे होते!’ वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे शत्रू वाटतात, एक मारणारा आणि एक वाचवणारा. खरं तर वकिलाची गरज मास्तरामुळेच पडते. गुन्हा कबूल केला की फाशीच होणार असेल, तर कुठला आरोपी कबूल करेल? शिक्षा जितकी मोठी तितकी सबब पक्की. ‘स्वतःला जरा सैल सोडलं की माणूस सबबी सांगायला लागतो’ असं म्हणतात, ते मला म्हणूनच उलटं वाटतं. सबबी सर्वांत जास्त तिथे पिकतात जिथे आतून सर्वांत जास्त मार बसतो.

दोघांचं एकमत कुठे होतं, हेही पाहण्यासारखं आहे. संध्याकाळी सहाला ग्लुकोमीटर काढून साखर बघायची वेळ येते तेव्हा मास्तर म्हणतो, ‘काय बघायचंय, दिसेलच दिवा लावलेला.’ वकील म्हणतो, ‘एका दिवसाने काय होतंय, आज राहू दे.’ यंत्र खणातच राहतं. कोणतंही वागणं दया आहे की सबब, हे ओळखायला मी याहून चांगली खूण सुचवू शकत नाही : आकडा बघितला का? वजनकाटा असो, बँकेचं स्टेटमेंट असो किंवा महिनाभर उघडून न पाहिलेला प्रबंध असो, जिथे बघणंच टळलं तिथे दोघांपैकी एकजण काम करून गेला आहे.

टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःविषयीच्या करुणेची मांडणी केली, तिचे भाग तीन. पहिला, स्वतःशी मायेने वागणं. दुसरा, असं माणसांचं होतं, आपणच जगावेगळे नालायक नाही, याची जाणीव. आणि तिसरा, जे घडलं ते न फुगवता, न लपवता जसंच्या तसं पाहणं. लोक पहिल्या दोघांवर थांबतात आणि मग करुणेची सबब होते. तिसरा भाग काढला तर उरतो तो फक्त लाड. त्या बाईंच्या बाबतीत तिसरा भाग म्हणजे सहा वाजता बोटाला टोचणं. खाल्ल्यापासून दोन तासांनी आकडा येतो २२८. साधारणपणे खाल्ल्यानंतरची साखर १८० च्या आत ठेवायला सांगतात. म्हणजे जास्त आहे, आणि किती जास्त आहे हे आता माहीत आहे.

यानंतरचं काम कागदावर करावं, मनातल्या मनात नाही. मनात मास्तरच जिंकतो, त्याला तोंडपाठ असतं. त्याची वाक्यं शब्दशः लिहून काढायची, चार-पाच ओळी पुरेत. मग त्यातून ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘एवढं साधंसुद्धा’ आणि सगळी विशेषणं खोडायची. उरतं ते असं : ‘चार वाजता मी केकचे दोन तुकडे आणि एक समोसा खाल्ला.’ यात ‘मी’ हवाच. ‘खाल्लं गेलं’ असं लिहिलं असेल तर वकिलाने हळूच पेन हातात घेतलंय असं समजावं. आणि ‘दोन’च्या जागी ‘दीड’ आलं असेल तरी तेच. घडलेली गोष्ट पूर्ण ठेवायची आणि शिक्षा तेवढी कमी करायची, हा सगळा मामला आहे. सबब शिक्षा वाचवायला घडलेलीच गोष्ट कमी करते.

खोडल्यानंतर बहुधा एक ओळ हट्टाने शिल्लक राहते. इथे ती पाय कापण्याची. ती खोडू नये, कारण ती शिवी नाही, भीती आहे, आणि भीतीला कारण आहे. पण धमकी म्हणून ती निरुपयोगी असते. तिचं रूपांतर एका ठोस कामात करावं : पायांची तपासणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी, शेवटची कधी झाली? आठवत नसेल तर वेळ घ्यायची. मास्तरच्या ओरडण्यात दडलेली खरी बातमी अशी बाहेर काढली की त्याचा आवाज बराच उतरतो. वाद घालून उतरत नाही.

आता शेवटी एकच वाक्य स्वतःला उद्देशून लिहायचं, स्वतःचं नाव घेऊन. लहान बहिणीचं असं झालं असतं तर तिला जे म्हणालो असतो ते. ‘अगं, समारंभात हे होतं. आज भात नको, एक भाकरी आणि पालेभाजी घे, जेवणानंतर वीस मिनिटं चाल.’ स्वर महत्त्वाचा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांना उपचारांत आढळलं, की रुग्ण शहाणपणाची वाक्यं शिकतात, पण ती डोक्यात त्याच जुन्या खेकसणाऱ्या आवाजात म्हणतात. शब्द बरोबर, सूर फटकारण्याचा. त्यामुळे हे वाक्य एकदा मोठ्याने वाचावं. वाचताना जबडा आवळला जात असेल तर मिनिटभर श्वास संथ करून, मिनिटाला पाच-सहा, पुन्हा वाचावं.

मास्तरच्या पद्धतीने गेलं असतं तर त्या रात्री काय झालं असतं? ‘शिक्षा म्हणून आज जेवायचं नाही,’ आणि सवयीने गोळी मात्र घेतली. ग्लिमेपिराइड पोटात अन्न आहे की नाही हे विचारत नाही, इन्शुलिन सोडायला लावतेच. मध्यरात्री घाम, हातापायांना कापरं, साखर ७० च्या खाली. मग तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि घाबरून वर आणखी चार बिस्किटं. सकाळी उपाशीपोटीचा आकडा चढलेला दिसू शकतो आणि मास्तरला नवा पुरावा मिळतो. (एखादं जेवण टाळावं लागलं तर गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेलं बरं.)

यावर रास्त शंका अशी, की ‘होतं असं’ म्हटल्यावर माणूस पुन्हा केक खाणार नाही कशावरून? क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ साली हे तपासलं. मुलींना डोनट खायला दिला, आणि त्यातल्या काहींना प्रयोग घेणारी सहज म्हणाली, असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःवर चिडू नका. नंतर चव घेण्याच्या निमित्ताने गोळ्या-चॉकलेटं पुढे ठेवली. खाण्यावर कडक निर्बंध पाळणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हे सांगितलं होतं, त्यांनी कमी खाल्लं. हा एका बैठकीतला प्रयोग, विद्यार्थिनींवरचा. त्यावरून वर्षभराच्या साखरेचं भाकीत करू नये. पण दया केली की हात सुटतो, ही भीती निदान तिथे तरी खोटी ठरली.

फसण्याच्या जागा अर्थात आहेत. ‘सगळ्यांचंच होतं’ हे वाक्य खाल्ल्यानंतर म्हटलं तर दया, खाण्याआधी म्हटलं तर परवाना. केक हातात असताना ते सुचलं तर वकील वेळेआधी कोर्टात आलाय. दुसरी जागा लिहिण्याची : दहा मिनिटांत संपायला हवं ते दीड तास चाललं आणि लहानपणापर्यंत गेलं, तर ते उगाळणं झालं. तिथे वही मिटून चालायला जावं. तिसरी, चुकीचा फटका दुसऱ्याला बसलेला असेल तर स्वतःला माफ करून भागत नाही. आधी त्या माणसाकडे जाऊन भरपाई करावी लागते. आणि काहींना मायेचं वाक्य वाचून बरं वाटण्याऐवजी रडू येतं किंवा चीड येते. लहानपणी माया आणि मार एकाच हातून मिळालेल्यांत हे दिसतं. त्यांनी स्वतःपासून सुरुवात न करता मैत्रिणीला पत्र लिहिल्यासारखं लिहावं, तेही जड जात असेल तर समुपदेशकाबरोबर. आवाज ‘तू नसलेलीच बरी’ इथपर्यंत पोचला असेल, तर मात्र कागद-पेन्सिलीचा खेळ बंद करून माणसाशी बोलावं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

त्या बाईंच्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच असते : ‘४ वा. केक २, समोसा १. ६ वा. २२८. रात्री भाकरी १, चालणे २० मि. सकाळी १३१.’ मास्तर किंवा वकील, दोघांपैकी कुणीही लिहिली असती तर ती डॉक्टरांच्या कामाची नसती. अशा आठ-दहा नोंदी जमल्या की डॉक्टरांना दिसतं, की त्रास सणावारांचा नाही, चार ते पाचच्या भुकेचा आहे. मग बाईंच्या पर्समध्ये फुटाण्यांची पुडी जाते आणि गोळीचा डोस आहे तसाच राहतो.