जोरात आला असंल

चिकोडीच्या कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. अर्धा धंदा भाषांतराचा. निपाणीकडची माणसं मराठीत बोलतात, कागद मात्र कन्नडात नाहीतर इंग्रजीत लागतो. त्यामुळे आमच्यासारख्यांचं पोट चालतं.

उसाचा हंगाम भरात होता तेव्हाची गोष्ट. एका वकीलसाहेबांनी सकाळी मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवलं आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून द्या, साक्षीदार चार वाजता सहीला येतील. प्रकरण अपघाताच्या भरपाईचं होतं. रस्त्याकडेला उसाची ट्रॉली टायर फुटून उभी होती, रात्री अकराच्या सुमारास एक मोटारसायकलवाला मागून तिच्यावर आदळला आणि जागीच गेला. दावा त्याच्या बायकोनं लावलेला. साक्षीदार म्हणजे समोरच्या चहाच्या टपरीचे मालक, सत्तरीचे मामा.

रेकॉर्डिंगमध्ये मामा बोलतात ते असं: "पोरगं जोरात आलं असंल. सावकाश यायला पायजे हुतं त्यानं. आवाज आला म्हणून मला बाहेर यावं लागलं. मागं लाल दिवाच न्हवता. मी ड्रायव्हरला सांगू शकलो असतो ओ, न्हाई सांगितलं."

कच्चं भाषांतर माझ्याकडे शिकायला असलेल्या मुलीनं केलं. पोरगी हुशार, बी.ए. इंग्रजी. तिच्या कागदावरचं पहिलं वाक्य होतं, "ही मस्ट हॅव बीन राइडिंग फास्ट." तिसरं वाक्य, "आय मस्ट हॅव कम आउट."

तिसरं वाचून मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. "यावं लागलं" म्हणजे "हॅड टू कम आउट". मस्टचा भूतकाळ करायचा म्हणून तिनं पुढं हॅव जोडला, पण तसं केलं की सक्तीचा अर्थ उडतो आणि अंदाजाचा उरतो. त्या इंग्रजीत मामा म्हणत होते, "मी बाहेर आलो असणार." स्वतः बाहेर आला की नाही हेच ज्याला नक्की सांगता येत नाही, असा साक्षीदार समोरच्या वकिलाला आयताच मिळाला असता.

ही चूक व्याकरणाची होती, एका मिनिटात निघाली. पहिल्या वाक्यानं मात्र दुपार खाल्ली. भरपाईच्या दाव्यात मयताचीही चूक होती असं ठरलं, तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कापतात. "मस्ट हॅव बीन राइडिंग फास्ट" याचा अर्थ, माझ्यासमोर पुरावा आहे आणि त्यावरून दुसरं काही संभवत नाही. "मे हॅव बीन" म्हणजे असेलही, नसेलही. आपलं "आला असेल" या दोन्हींच्या मधल्या सगळ्या जागा व्यापून बसतं. स्वर ठाम लावला तर मस्ट, खांदे उडवले तर मे. ठामच म्हणायचं तर आपल्याकडे "आला असणार" आणि "आला असला पाहिजे" आहेत, पण बोलताना मामांसारखी माणसं "असंल"वरच भागवतात. रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. खांदे काही ऐकू येत नाहीत.

चार वाजता मामा आले, टोपी, धोतर, हातात पिशवी. मी विचारलं, "मामा, जोरात आला असंल म्हणालात, ते नक्की का?"

"असंल की."

हे म्हणजे पुन्हा तिथंच. शेजारच्या टेबलावर कन्नड टायपिंग करणारे अण्णा हे सगळं ऐकत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बंदिरबेकु का बंदिरबहुदु?"

मामा ताबडतोब म्हणाले, "बंदिरबहुदु. मी काय बगितलं न्हाई, मी आत भांडी घासत हुतो. पोरंसोरं जोरातच जात्यात म्हणून म्हणालो."

कन्नडात या दोन अंदाजांना दोन शेपट्या आहेत. बंदिरबेकु म्हणजे आलाच असणार, मस्ट हॅव. बंदिरबहुदु म्हणजे आला असेल, मे हॅव. सीमाभागातला माणूस दोन्ही भाषा जगतो, म्हणून मराठीत जे धूसर राहिलं ते कन्नडात एका शब्दात सुटलं. अण्णांना चहा पाजला, तो उधारीवर नाही.

मुलीनं तेव्हा चांगला प्रश्न विचारला. बेकु म्हणजे पाहिजे ना? मग पश्चात्तापात आणि अंदाजात एकच पाहिजे कसा? मी तिला कागदाच्या पाठीवर लिहून दाखवलं. "यायला पाहिजे होतं", कन्नडात "बरबेकित्तु". इथं भूतकाळ पाहिजेला लागलाय: गरज तेव्हाची होती आणि ती पुरी झाली नाही. "आला असला पाहिजे", म्हणजे "बंदिरबेकु". इथं भूतकाळ येण्याला लागलाय आणि पाहिजे आत्ताचं आहे: अंदाज मी आज करतोय. इंग्रजीत मस्ट आणि शुड यांना भूतकाळाचा प्रत्यय लागतच नाही, म्हणून दोन्हीकडे तोच हॅव येतो आणि कुणाचं काय भूतकाळात गेलं हे वरून दिसत नाही. कुड हॅवचं तर विचारू नका. "ही कुड हॅव स्टॉप्ड" हे थांबू शकला असता, पण थांबला नाही, असंही होतं आणि कदाचित थांबला असेल, असंही.

वकीलसाहेब आले. "सावकाश यायला पायजे हुतं" यावर त्यांनी सरळ काट मारली. "शुड हॅव" लिहिलं की तो सावकाश आला नाही हे आपणच कबूल करतो, आणि मामांनी तर पाहिलेलंच नाही. साक्षीदारानं पाहिलं-ऐकलं ते सांगायचं, हळहळ नाही. जोरात आला असंल, तेही गेलं.

शेवटचं वाक्य तेही काढा म्हणाले. "सांगू शकलो असतो" ही पण हळहळच. मी म्हणालो, साहेब, थांबा. अंदाजाच्या मागं काही नव्हतं, या हळहळीच्या मागं काहीतरी असेल. ड्रायव्हरला कधी सांगू शकला असता, मामा?

"आठ वाजता की. त्यो चहा प्यायला आलता. तवाच बगितलं मी, मागं दिवा न्हाई, फांदी न्हाई, दगड न्हाई. म्हटलं, सांगावं. गिऱ्हाईक आलं, राहिलं."

साहेब उभे होते ते बसले. आठ ते अकरा, तीन तास बिनदिव्याची ट्रॉली, आणि ड्रायव्हर तिथंच चहा पीत होता. मामांच्या पश्चात्तापात ते सगळं होतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. "आय कुड हॅव टोल्ड हिम" आम्ही ठेवलं नाही. त्याच्या जागी साधा भूतकाळ आला: आठ वाजता मी ट्रॉली पाहिली, मागे दिवा नव्हता, ड्रायव्हर माझ्या टपरीवर होता.

कागद मराठीत वाचून दाखवला. मामांनी सही केली, पण पेन हातातच राहिलं.

"मी सांगितलं असतं तर हलवली असती का ओ त्यानं?"

मुलगी म्हणाली, "टायर फुटला होता न्हवं मामा, नसती हलवली."

"दिवा तरी लावला असता," मामा म्हणाले.